चौथ्या जागेवरचा अनोळखी: मोबाईल गेममधल्या शिव्यांपासून मुलाला कसं वाचवायचं

मे महिन्यातली दुपार होती. देवगडजवळच्या आमच्या घराच्या खळ्यात मी कोकमाच्या साली रसात बुडवून वाळत घालत होते. पडवीत भिंतीला टेकून तीन मुलं मोबाईलवर खेळत होती: मुंबईहून आलेले दोघं चुलतभाऊ आणि माझा ११ वर्षांचा भाचा. तिघांचा मिळून आरडाओरडा चालला होता, "डावीकडे बघ", "गोळ्या दे", असा. मग भाच्याचा आवाज एकदम बंद झाला. मी साली घ्यायला आत जाताना त्याच्याजवळून गेले, तेव्हा त्याने अंगठ्याने पटकन फोनचा आवाज कमी केला. खेळ चालू होता, पण त्याचं लक्ष खेळात नव्हतं. तो दाराकडे बघत होता, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

मी तिथेच बसले. हात कोकमाने लाल झाले होते, म्हणून फोनला हात न लावता फक्त विचारलं, काय झालं? बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गे मावशी, तो माका गाळी घालता. आवशीवरनं."

मी स्वतः कॉलेजपासून हे स्क्वॉडचे खेळ खेळते. बाईचा आवाज माईकवर ऐकू आला की काय सुरू होतं ते मला चांगलं माहीत आहे. त्यामुळे पुढे काय करायचं हे ठाऊक होतं, तरी त्या दिवशी माझ्या हातूनही एक चूक झालीच. नव्याने या प्रकाराला सामोरं जाणाऱ्या पालकांसाठी, मावश्यांसाठी, मोठ्या भावंडांसाठी ते सगळं क्रमाने लिहिते आहे.

शिव्या येतात कुठून

बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स अशा खेळांत चार जणांची टीम असते, तिला स्क्वॉड म्हणतात. तिघेच खेळायला बसले तर चौथी जागा खेळ स्वतः भरतो आणि देशातल्या कुठल्याही कोपऱ्यातला अनोळखी माणूस त्या जागेवर येऊन बसतो. त्याचा आवाज थेट तुमच्या मुलाच्या कानात. आमच्या मुलांच्या टीममध्ये तो चौथा असाच आला होता.

तो चिडला त्यामागे रेंज होती. खेळताना पडद्याच्या कडेला पिंगचा आकडा दिसतो. तुमच्या फोनचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले, ते तो सांगतो. शंभरच्या आत असेल तर खेळ नीट चालतो. दोनशे-तीनशेच्या पुढे गेला की आपला खेळाडू जागच्या जागी थिजतो, दार उघडत नाही, गोळी उशिरा सुटते. आमच्या पडवीत जांभ्याच्या जाड भिंतीआड रेंजची एकच काडी येते. भाचा मध्येच थिजत होता, टीम मरत होती आणि चौथ्याला वाटत होतं की हा मुद्दाम खेळ बिघडवतोय. आधी "नूब", म्हणजे खेळता न येणारा, मग आईवरून, मग "तुझा नंबर दे, घरी येऊन मारतो".

रेंज खराब असणं हे शिव्या खाण्याचं कारण होऊ शकत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगायलाच हवं. पण आपल्याकडची मुलं इतरांपेक्षा जास्त का सापडतात, हे यावरून समजतं. मुलांना सड्यावर किंवा खळ्याच्या ज्या कोपऱ्यात रेंज नीट येते तिथे बसवलं आणि पिंग वाढलेला असताना अनोळखी लोकांबरोबर खेळू दिलं नाही, तर निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत.

आणखी एक गोष्ट. आमच्या मालवणीत "मेल्या, खय होतंस?" हे प्रेमाने म्हणतात. आमची मुलं शिव्या ऐकतच वाढतात, त्यामुळे घरातली मोठी माणसं पटकन म्हणतात की एवढं काय मनावर घ्यायचं. पण आजीच्या "मेल्या"ला मूल हसून उत्तर देतं आणि त्या चौथ्याच्या बोलण्यावर आवाज कमी करून दाराकडे बघतं. तुम्ही शब्दांपेक्षा मुलाच्या अंगाकडे लक्ष द्या. अचानक गप्प होणं, कोणी जवळ आलं की आवाज कमी करणं, दोन्ही कानांत इयरफोन खुपसून खोलीच्या कोपऱ्यात जाणं, सामना अर्धवट सोडून फोन उलटा ठेवणं. यातलं काही दिसलं की विचारा.

विचारताना फोन हिसकावून घेऊ नका. मुलं हे सांगत नाहीत त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं: सांगितलं की फोन जाणार. शिव्या दुसऱ्याने दिल्या आणि शिक्षा मला, हे मुलाला एकदा कळलं की पुढच्या वेळी तुम्हाला काहीही कळणार नाही.

पहिलं काम: आवाज बंद, पण कुठला?

इथे बहुतेकांची गफलत होते. खेळाच्या पडद्यावर, साधारणपणे छोट्या नकाशाजवळ, दोन खुणा असतात: एक माईकची, एक स्पीकरची. माईक बंद केला की मुलाचा आवाज बाहेर जात नाही. समोरच्याचा आवाज मात्र येतच राहतो. मी कितीतरी पालक पाहिलेत, जे माईकवर रेघ मारलेली बघून निश्चिंत होतात आणि मूल पुढे तासभर शिव्या ऐकत बसतं. शिव्या थांबवायच्या तर स्पीकर बंद करायला हवा.

स्पीकरची खूण दाबली की बहुधा तीन पर्याय येतात: सगळ्यांचा आवाज, फक्त टीमचा, किंवा बंद. "सगळे" हा पर्याय लहान मुलाच्या फोनवर कधीच ठेवू नये, कारण त्यात आसपासच्या विरोधी टीमचे लोकही ऐकू येतात. आपलीच भावंडं टीममध्ये असतील आणि एकच जण त्रास देत असेल, तर टीमच्या यादीत त्याच्या नावापुढच्या स्पीकरच्या खुणेवर दाबून फक्त त्याला म्यूट करता येतं. त्या दुपारी आम्ही तेच केलं. भाच्याने चौथ्याला म्यूट केलं आणि दोघा भावांनाही आपापल्या फोनवर करायला सांगितलं, कारण म्यूट फक्त ज्याच्या फोनवर केलं त्याच्यापुरतंच असतं. शेजारी बसलेल्या भावाच्या स्पीकरमधून तोच आवाज येत राहिला तर काही उपयोग नाही.

मग तो लिहायला लागला. हे ठरलेलं असतं. आवाज बंद झाला की माणूस चॅटमध्ये टाईप करायला लागतो. चॅटचा बंद होण्याचा मार्ग वेगळा आहे: सामन्यात चॅटची खिडकी मिटून ठेवता येते आणि लॉबीतल्या, म्हणजे सामन्याआधी थांबायच्या पडद्यावरच्या, चॅटसाठी सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या पानावर अनोळखी लोकांचे संदेश आणि फ्रेंड रिक्वेस्ट बंद करायची सोय असते. लिहिलेल्या शिव्यांसाठी खेळात गाळणी असते, पण ती आपल्या भाषांत फार कमी पडते. मराठी-हिंदी शिवी इंग्रजी अक्षरांत दहा प्रकारे लिहिता येते, मध्ये एक टिंब टाकलं तरी ती गाळणीतून निसटते. बोललेल्या शिवीला तर त्या क्षणी कोणी अडवतच नाही. तेव्हा गाळणीवर विसंबू नका.

भाच्याला भीती होती की म्यूट केलेलं त्या माणसाला कळेल आणि तो अजून चिडेल. तसं होत नाही, म्यूट केल्याचा निरोप समोर जात नाही. रिपोर्ट कोणी केला हेही सांगितलं जात नाही. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, त्याचा हात मोकळा होतो.

आणि उलट शिवी देऊ नये, हे सांगताना संस्काराचं भाषण देण्यापेक्षा खरं कारण सांगा. चौथ्यानेही रिपोर्ट केला तर तपासणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या शिव्या दिसतात आणि चॅटची बंदी आपल्या खात्यावरही येऊ शकते. मुंबईच्या थोरल्याने तोंड उघडलंच होतं. मी त्याचा माईक बंद करायला लावला.

दुसरं काम: पुरावा

इथे माझी चूक झाली. मी भाच्याला वरची पट्टी खाली ओढून स्क्रीन रेकॉर्ड चालू करायला सांगितलं, चौथ्याचा स्पीकर अर्ध्या मिनिटासाठी पुन्हा उघडायला लावला आणि वाटलं झालं काम. संध्याकाळी व्हिडिओ लावला तर गोळीबार ऐकू येत होता, पावलं ऐकू येत होती, चौथ्याचा आवाज मात्र कुठेच नाही.

अँड्रॉइडची रचनाच तशी आहे. खेळाचे आवाज आणि माणसांचं बोलणं हे फोनच्या लेखी दोन वेगळे प्रकार. संभाषण म्हणून आलेला आवाज दुसऱ्या ॲपला रेकॉर्ड करू दिला जात नाही. खासगी फोनवरचं बोलणं कोणी चोरून टिपू नये म्हणून ही सोय आहे, आणि खेळातली व्हॉइस चॅट बरेचदा त्याच प्रकारात मोडते. रेकॉर्डिंगमध्ये "माईकसुद्धा" असा पर्याय निवडला तरी भरवसा नाही, कारण माईक त्या वेळी खेळाने धरून ठेवलेला असतो.

खात्रीचा उपाय अगदी साधा आहे. इयरफोन काढा, फोन स्पीकरवर ठेवा आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने पडदा आणि आवाज दोन्ही टिपा. पडद्यावर बोलणाऱ्याच्या नावाशेजारी स्पीकरची खूण हलते, ती व्हिडिओत आली पाहिजे, म्हणजे कोण बोलतंय ते दिसतं. वीस-तीस सेकंद पुरतात. यासाठी मुलाला मुद्दाम अधिक ऐकायला लावू नका. मोठ्या माणसाने फोन हातात घ्यावा आणि मुलाला पाणी प्यायला पाठवावं. लिखित चॅटचा मात्र साधा स्क्रीनशॉट चालतो. तो लगेच घ्यायचा, कारण सामना संपला की चॅट बहुधा पुसली जाते.

त्याबरोबर एक गोष्ट कागदावर लिहून ठेवायची: त्या खेळाडूचा आयडी. नाव कामाचं नाही. नाव चित्रविचित्र अक्षरांत असतं, ते टाईपही करता येत नाही आणि खेळातलं नाव बदलायचं कार्ड वापरून ते उद्या बदलता येतं. आयडी म्हणजे प्रोफाइलवर नावाखाली असलेला लांब आकडा, तो बदलत नाही. शेजारच्या खुणेवर दाबलं की तो कॉपी होतो. सोबत तारीख, वेळ आणि सामन्याचा प्रकार.

तिसरं काम: रिपोर्ट

सामना संपल्यावर निकालाच्या पानावर टीमच्या प्रत्येकाच्या नावाजवळ रिपोर्टची खूण असते. मुलं चिडून थेट बाहेर पडतात आणि मग म्हणतात की आता तो सापडत नाही. सापडतो. मित्रांच्या यादीत अलीकडे सोबत खेळलेल्यांचं पान असतं, बहुधा `Recent` नावाचं. तिथून प्रोफाइल उघडून रिपोर्ट करता येतो. पण ती यादी नव्या सामन्यांबरोबर पुढे सरकत जाते, म्हणून त्याच दिवशी करा.

रिपोर्ट उघडला की कारणांची यादी येते. जवळपास सगळी मुलं त्यातलं चीटिंग निवडतात, कारण ते सगळ्यात वर असतं आणि त्यांच्या मते तोच सर्वात मोठा गुन्हा असतो. पण चीटिंगच्या तक्रारीत नेम, वेग, हालचाल बघतात. त्यात काही सापडलं नाही की तक्रार तिथेच संपते, शिव्या कोणी ऐकतच नाही. आवाजातून त्रास असेल तर व्हॉइस चॅटचं कारण निवडा, लिहून असेल तर टेक्स्ट चॅटचं, नावच अश्लील असेल तर नावाचं. खुलासा लिहायला जागा असेल तर दोनच वाक्यं पुरतात. आम्ही साध्या इंग्रजीत लिहिलं होतं की सामन्याच्या साधारण आठव्या मिनिटापासून हा खेळाडू ११ वर्षांच्या मुलाला आईवरून शिव्या देत होता आणि घरी येऊन मारण्याची धमकी देत होता. वेळ आणि मुलाचं वय या दोन गोष्टी नक्की घाला. "खूप वाईट बोलला" एवढंच लिहिलं तर तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पुरावा जोडायची सोय या छोट्या खिडकीत बरेचदा नसते. त्यासाठी सेटिंगमधल्या कस्टमर सर्व्हिसमधून वेगळी तक्रार करावी लागते, तिथे आपला आयडी, त्याचा आयडी, वेळ आणि व्हिडिओ द्यायचा. भारतात चालणाऱ्या अशा सेवांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रार आल्याची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याचा ईमेल खेळाच्या वेबसाइटवर खाली, नियम-अटींच्या पानावर मिळतो.

एका माणसाचा एका प्रसंगासाठी एकच रिपोर्ट पुरे. आमच्या मुलांनी वाडीतल्या बारा जणांना बोलावून रिपोर्ट मारायचं ठरवलं होतं. मी नाही म्हटलं. जे त्या सामन्यात नव्हते त्यांची तक्रार खोटीच ठरते.

पाच-सहा दिवसांनी खेळातल्या मेलबॉक्समध्ये दोन ओळी आल्या: तुमच्या तक्रारीवरून कारवाई केली आहे. काय कारवाई, ते लिहिलेलं नव्हतं. काही दिवस चॅट बंद करणं, काही दिवस खातं बंद करणं, कायमचं बंद करणं, असे प्रकार असतात आणि पहिल्या चुकीला बहुधा हलकी शिक्षा होते. कधी कधी काहीच उत्तर येत नाही. मुलाला आधीच सांगा की उत्तर नाही आलं तरी तू केलेलं चूक नव्हतं.

ब्लॉक मात्र रिपोर्टनंतरच करा. काही खेळांत आधी ब्लॉक केलं की तो माणूस यादीतून नाहीसा होतो आणि मग आयडी शोधत बसावं लागतं. ब्लॉकमुळे त्याचे संदेश आणि फ्रेंड रिक्वेस्ट थांबतात. पण तो पुन्हा कधी टीममध्ये येणारच नाही, असं सगळ्या खेळांत नसतं. आला तर सामना सुरू होण्याआधी लॉबीतच म्यूट करायचं.

पुढच्या वेळी चौथा येऊच नये म्हणून

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी भाच्याला शेजारी बसवून त्याच्या फोनची सेटिंग नीट लावून दिली. दहा-पंधरा मिनिटांचं काम होतं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो एका खुणेने. सामना सुरू करण्याच्या बटणाजवळ टीम आपोआप भरण्याची निवड असते, ती काढून टाकली. आता तिघे असले तर तिघेच चौघांच्या सामन्यात उतरतात. थोडं जड जातं, हरतातही, पण कानात अनोळखी कोणी नाही.

मग फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात तो खेळ, त्यात परवानग्या, त्यात `Microphone`, आणि तिथे `Don't allow`. खेळात चुकून माईक दाबला गेला तरी आता घरातलं बोलणं बाहेर जात नाही. आमच्याकडे पडवीत बोललेलं सगळं ऐकू जायचं, कोण कुठल्या गाडीने येणार इथपर्यंत. माईकशिवाय खेळता येतं का, हा मुलांचा पहिला प्रश्न. येतं. तयार वाक्यांची यादी असते, "इथे शत्रू आहे", "मला औषध हवं" अशी, आणि नकाशावर खूण टाकता येते. सेटिंगमध्ये जाऊन उपयोगाची सात-आठ वाक्यं निवडून ठेवली की भागतं.

नाव बदलायला लावलं. भाच्याच्या नावात गावाचं नाव आणि जन्मसाल होतं. "घरी येऊन मारतो" म्हणणाऱ्याला मुलगा कुठला आणि किती वर्षांचा हे नावातच दिसत होतं. नाव बदलायला बहुतेक खेळांत कार्ड लागतं. ते मिळेपर्यंत निदान प्रोफाइलवरचा फोटो आणि गावाची माहिती काढून टाका.

वयाचंही तेच. बीजीएमआय सुरुवातीला विचारतं की तुम्ही १८ वर्षांचे आहात का, आणि मूल "हो" दाबून मोकळं होतं. खरं वय दिलं तर पालकाच्या नंबरवर ओटीपी जातो आणि १८ खालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा लागते. काकाच्या खात्यावरून खेळणाऱ्या मुलाला यातलं काहीच लागू होत नाही, कारण खेळाच्या लेखी तिथे मोठा माणूस बसलेला असतो.

जेव्हा प्रकरण शिव्यांपुरतं राहत नाही

शिव्या देणारा निदान ओळखू येतो. मला त्याहून जास्त काळजी गोड बोलणाऱ्याची वाटते. तो मुलाचं कौतुक करतो, डायमंड किंवा यूसी, म्हणजे खेळातले पैसे, फुकट देतो म्हणतो, आणि दोन-तीन दिवसांत सुचवतो की इथे नको, व्हॉट्सॲपवर बोलू. मग नंबर, मग फोटो. खेळातून बाहेर बोलावणं हीच खूण धरा. बाहेर गेलं की म्यूट, रिपोर्ट, खेळाच्या नोंदी, कशाचाच आधार उरत नाही. आमच्या घरात मुलांना एकच नियम पाठ करायला लावला आहे: खेळात भेटलेल्याला नंबर द्यायचा नाही आणि कोणी मागितला तर त्याच दिवशी घरात सांगायचं, त्यासाठी फोन काढून घेतला जाणार नाही.

लैंगिक बोलणं, फोटोची मागणी, फोटोवरून धमकी, किंवा गाव-शाळा माहीत असलेल्या माणसाकडून मारण्याची धमकी, यातलं काही असेल तर खेळाच्या रिपोर्टवर थांबायचं नाही. ब्लॉक करण्याआधी चॅट, आयडी आणि नंबर यांचे स्क्रीनशॉट घ्या. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन दिवसरात्र चालते. `cybercrime.gov.in` वर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं कठीण. आणि पोलीस ठाण्यात जाताना मूल १८ वर्षांखालचं आहे हे सुरुवातीलाच सांगा, कारण अशा लैंगिक त्रासाला २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो.

मुलाचा तसा फोटो कुठे गेला असेल तर तो पुरावा म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, कोणालाही पुढे पाठवू नका. पाठवणं हाच गुन्हा ठरतो. फोन आहे तसा घेऊन ठाण्यात जा.

गणपतीला मुंबईची मुलं पुन्हा आली. खेळाचा नवा अपडेट आला होता आणि आवाजाच्या काही सेटिंग पहिल्यासारख्या झाल्या होत्या, हे भाच्यानेच ओळखलं. पहिला सामना सुरू व्हायच्या आधी त्याने स्पीकरची खूण उघडून पाहिली, "सगळे" वरून "टीम" वर आणली, आणि भावांना म्हणाला, "तुमचोय बघा रे, माझो बदललेलो."